उद्यापासून पहाटे चारला उठायचं, हा बेत का फसतो

दहावी-बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी ही पोस्ट आहे. लांब आहे, पण घाईघाईत वाचू नका. यातली निम्मी भानगड घाईमुळेच होते.

प्रिलिम संपली, कॉलेज बंद झालं की बऱ्याच घरांत घड्याळ उलटं फिरतं. मुलगा रात्री ३ पर्यंत वाचतो आणि सकाळी ११ ला उठतो. मग रोज बोलणी. माझं मत विचाराल तर रात्री वाचणं हा गुन्हा नाही. किशोरवयात झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे साडेनऊला डोळे मिटत नाहीत यात नुसता आळस नसतो. ३ ते ११ म्हणजे आठ तास झोपही होते, आणि या वयाला ८ ते १० तास लागतातच. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. राज्य मंडळाचा सकाळच्या सत्रातला पेपर ११ ला सुरू होतो आणि वर्गात साडेदहाला हजर व्हावं लागतं. पुण्यात ११ वाजतात तेव्हा हिवाळ्यात जर्मनीत पहाटेचे साडेसहा वाजलेले असतात. आपला हा विद्यार्थी शरीराने जवळपास तिकडेच असतो.

मग पेपर आठवड्यावर आल्यावर कुणीतरी फर्मान काढतं, "उद्यापासून पहाटे चारला उठ." तो उठतोही. दोन-तीन दिवस तारवटलेल्या डोळ्यांनी पुस्तक घेऊन बसतो, दुपारी तीन तास आडवा होतो आणि रात्री पुन्हा २ वाजले तरी टक्क जागा. घरचे म्हणतात, इच्छाशक्ती नाही. इच्छाशक्तीचा इथे फारसा संबंध नाही.

शरीराचं तापमान रात्री हळूहळू उतरत जातं आणि नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोनेक तास आधी सगळ्यांत खाली येतं. हा क्षण लक्षात ठेवा, आपण त्याला 'तळ' म्हणू. तळ ओलांडल्यावर डोळ्यांत प्रखर उजेड गेला तर शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं, म्हणजे पुढच्या रात्री झोप लवकर येते. तळाच्या आधी उजेड गेला तर उलटं होतं आणि झोप आणखी उशिरा येते. रोज ११ ला उठणाऱ्याचा तळ सकाळी ९ च्या आसपास असतो. तो चारला उठून ट्यूबखाली बसला आणि साडेसहाला गच्चीवर फिरून आला, तर हा सगळा उजेड तळाच्या आधीचा. मेंदूच्या हिशेबी ती अजून मध्यरात्र असते, म्हणून मेंदू घड्याळ आणखी उशिराकडे ढकलतो. एवढा खटाटोप करून गाडी चुकीच्या दिशेने जाते ती अशी.

दुसरी गंमत रात्रीची. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे दिवसातले झोप यायला सगळ्यांत अवघड तास असतात. ३ ला झोपणाऱ्याला ११ ला अंथरुणात घातलं की तो नेमका झोपेची दारं बंद होत असताना तिथे पोचतो. मग तासन्‌तास छताकडे बघणं, आणि त्यातून "मला झोपच येत नाही" ही नवी धास्ती.

घड्याळ सरकवता येतं, पण अर्ध्या अर्ध्या तासाने. आपलंच उदाहरण घेऊ. सध्याची झोप ३ ते ११, हवी आहे ११ ते ७. अंतर चार तासांचं, म्हणजे अर्ध्या तासाच्या आठ पायऱ्या. वर तीन-चार दिवस हातचे ठेवा, म्हणजे पहिल्या पेपरच्या बारा दिवस आधी सुरुवात करा. पहिल्या दिवशी गजर साडेदहाचा. दुसऱ्या दिवशी १० चा, तिसऱ्या दिवशी साडेनऊचा, आणि असंच आठव्या दिवशी ७ चा. रात्रीची वेळही तेवढीच अलीकडे आणा, पण जोर सकाळच्या गजरावर ठेवा. झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. ७ च का, तर पेपरच्या चार तास आधी उठलं की जाग आल्यावरची सुस्ती पूर्ण उतरलेली असते. ती बहुतेकदा अर्ध्या तासात जाते, पण झोप अपुरी असेल तर रेंगाळते.

गजर झाल्यावर पहिलं काम तोंड धुऊन बाहेर जाणं. गच्ची, अंगण, गॅलरी काहीही चालेल, पण आकाश दिसलं पाहिजे. २० ते ३० मिनिटं तिथेच बसून वाचा, चहा घ्या. खोलीतल्या ट्यूबचा उजेड साधारण दोनशे-तीनशे लक्स असतो, तर बाहेर सावलीतसुद्धा तो काही हजार लक्स असतो. डोळ्याला हा फरक एवढा वाटत नाही, घड्याळाला मात्र तो बरोबर कळतो. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात फेब्रुवारीत साडेदहाचं ऊन चटका देत असेल तर खुशाल झाडाखाली बसा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे सांगायला नकोच.

संध्याकाळी याच्या उलट करायचं. झोपेच्या ठरलेल्या वेळेआधी दीड-दोन तास खोलीतला मोठा दिवा बंद आणि टेबललॅम्प पुस्तकावर. मोबाइलच्या निळ्या प्रकाशाचा फार गवगवा होतो. माझ्या मते मोबाइलचं खरं नुकसान प्रकाशापेक्षा "अजून एकच रील" म्हणत गेलेल्या पाऊण तासात आहे. गजरासाठी फोन हवा असेल तर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. उठून बंद करायला जावं लागतं, हा वरचा फायदा.

चहा-कॉफीचा हिशेब सोपा आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि त्याचाच झोपेचा दाब तयार होतो. कॅफिन तो दाब कमी करत नाही, फक्त जाणवू देत नाही. त्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी ७ ला घेतलेल्या कडक कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री १२ लाही शिल्लक असतं. ११ ला झोपायचं असेल तर शेवटचा कप दुपारी ३ च्या आत संपवा. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर 'मुलांसाठी नाही' अशा अर्थाची बारीक ओळ असते, ती एकदा शोधून वाचा.

घड्याळ सरकतंय हे कसं ओळखायचं? गजराच्या पाच-दहा मिनिटं आधी आपोआप जाग यायला लागते, सकाळी भूक लागते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप लागते. एखादा दिवस चुकला, लग्नाला जावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या एकदम उतरू नका. तीच पायरी पुन्हा करा, हातचे दिवस त्यासाठीच आहेत. सगळ्यात जास्त घोटाळा रविवारी होतो. "आज झोपू दे बिचाऱ्याला" म्हणून १० पर्यंत झोपू दिलं की आठवड्याच्या मेहनतीतलं बरंचसं वाहून जातं.

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा आदल्या रात्री जागून दोन धडे जास्त होतील," असं म्हणणारेही असतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. १९२४ मध्ये अमेरिकेत जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून घेतल्या. आठ तास झोपून उठल्यावर त्यांना साधारण निम्मी अक्षरं आठवत होती, तेवढाच वेळ जागं राहिल्यावर जेमतेम एखादं. प्रयोग अगदी छोटा होता, पण झोपेत आठवणी पक्क्या होतात हे नंतरच्या संशोधनातही दिसत आलं आहे. म्हणजे ते दोन धडे वाचून होतील, पण टिकतीलच असं नाही.

दुसरी गोष्ट पेपर सोडवण्याची. सकाळी ७ ला उठून रात्रभर जागलेला मुलगा दुसऱ्या दिवशी ११ ला प्रश्नपत्रिका हातात घेतो, तेव्हा तो सलग २८ तास जागा असतो. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी दाखवलं, की २४ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असल्यासारखं बिघडतं. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. अशा मुलाला उत्तरं येत नाहीत असं नाही. तो उणे चिन्ह खाली उतरवायला विसरतो, 'कोणतेही तीन' असताना चार सोडवतो, प्रश्न ५ मधला (ब) नजरेतून सुटतो. घरी आल्यावर मग "येत होतं गं मला" सुरू होतं. आणि रोज सहा तासच झोपून आपण निभावून नेतोय असं वाटणाऱ्यांनी जरा सावध राहावं. १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची कामगिरी सतत घसरत गेली, पण त्यांना स्वतःला तेवढं झोपाळलेलं वाटतच नव्हतं, असं २००३ च्या एका प्रयोगात दिसलं.

पेपर सुरू झाल्यावर एक सापळा असतो. पेपर दुपारी दोनच्या सुमारास सुटतो, मुलगा तीनला घरी येऊन जेवतो आणि थेट सातपर्यंत झोपतो. आईला वाटतं, दमलाय, झोपू दे. पण त्या चार तासांत साठलेला झोपेचा दाब उतरून जातो, रात्री ३ पर्यंत झोप येत नाही आणि बारा दिवसांत जुळवलेलं घड्याळ एका दुपारी मोडतं. चारच्या आत २० मिनिटं, फार तर अर्धा तास झोपू द्या, मग उठवा. चिडचिड करेल, करू द्या. तोंडावर पाणी मारून बाहेर एक चक्कर मारली की तरतरी येते.

आदल्या रात्री झोप आली नाही तर? असं पुष्कळांचं होतं. तासभर लवकर आडवं होऊ नका, नेहमीच्याच वेळेला जा. अंदाजे २० मिनिटं कूस बदलण्यातच गेली तर उठा, मंद दिव्यात एखादं रटाळ काम करा, कपाट लावा, आणि डोळे जड झाले की परत जा. सारखं घड्याळ बघू नका. आधीचे आठ-दहा दिवस नीट झोपला असाल तर एका वाईट रात्रीने पेपर बुडत नाही. तीन तास पेपरची धास्तीच जागं ठेवते.

सर्दीचं सिरप किंवा ॲलर्जीची गोळी 'झोप येते' म्हणून त्या रात्री घेऊ नका. तिची गुंगी सकाळी ११ लाही डोक्यात असू शकते. मेलाटोनिनच्या गोळ्यांचंही तसंच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि हे सगळं नेटाने करूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, किंवा मूल मोठ्याने घोरत असेल आणि पुरेसं झोपूनही दिवसभर पेंगत असेल, तर त्याला वेळापत्रक नको, डॉक्टर हवा.