स्टेरॉईडची गोळी अचानक का सोडायची नाही

"डॉक्टर, ग्रुपवर आलंय, बरं वाटलं की स्टेरॉईड लगेच बंद करा, नाहीतर सवय लागते. खरं काय?"

मावशी, सवय लागते ती मनाला नाही, ग्रंथींना. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, बनवतात. ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे तुमच्या या गोळीच्या, तोडीचं असतं. तुम्हाला मी ४० दिलंय. बाहेरून एवढं मिळाल्यावर मेंदू ग्रंथींना हुकूम देणं थांबवतो आणि तीन-चार आठवड्यांत त्या सुस्तावतात. पुन्हा जाग्या व्हायला कधीकधी महिने लागतात. मधेच गोळी सोडली तर शरीरात ना आतलं कॉर्टिसॉल, ना बाहेरचं.

कागलकडचे एक गृहस्थ असेच. दोन महिन्यांनी सांधे मोकळे झाले, गोळी बंद केली. चौथ्या दिवशी उलट्या, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. घरच्यांना वाटलं, पित्त. आणलं तेव्हा बीपी ८० पर्यंत उतरलं होतं. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉईडचं इंजेक्शन आणि सलाईन दिल्यावर सावरले.

म्हणून डोस मी पायरीपायरीनं उतरवणार, शेवटच्या ५ मिलिग्रॅमला तर फारच सावकाश. ताप आला तर डोस वाढवावा लागतो, तेव्हा त्याच दिवशी फोन करा. उलटीत गोळी टिकत नसेल तर वाट न बघता दवाखान्यात या, इंजेक्शनच लागतं. साखर, वजन वाढतं हे ग्रुपवाल्यांचं खरं आहे. त्यावर तपासणीच्या वेळी बोलू. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नवीन पाकीट आणून ठेवा, यात्रेला गेलात तरी पिशवीत असू दे.