उकडीचे मोदक, डोंबिवली पूर्व : एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

★☆☆☆☆ "मागच्या वर्षी यांच्याकडून 21 मोदक घेतले होते, चव छान होती म्हणून यंदाही वाट बघत होते. बुकिंगचा मेसेज आलाच नाही. चतुर्थीच्या आदल्या रात्री फोन केला तर म्हणाल्या, बुकिंग केव्हाच बंद झालं, मेसेज सगळ्यांना पाठवला होता. मग मलाच कसा नाही आला? ओळखीच्या लोकांनाच कळवतात. साधा ग्रुप करता येत नाही का? बाप्पासमोर दुकानातले माव्याचे मोदक ठेवावे लागले."

ताई, नमस्कार. आधी माफी मागते. गणपतीत घरी उकडीचे मोदक नसणं म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. उत्तराला उशीर झाला, कारण काल अनंत चतुर्दशी झाली आणि आज कुठे फोन हातात घेऊन बसले आहे.

पण "ओळखीच्या लोकांनाच कळवतात" हे वाक्य मला लागलं. इथे ते कुणीही वाचू शकतं, आणि वर्षभराची आमची निम्मी कमाई या दहा दिवसांत होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला मेसेज पाठवला होता. रविवारी 17 ऑगस्टला सकाळी सव्वानऊला, भाव, वेळ आणि "शनिवार 23 तारखेपर्यंतच नोंदणी" असं सगळं लिहून. माझ्याकडे 374 गिऱ्हाइकं आहेत. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 च माणसं मावतात, म्हणून दोन लिस्ट आहेत. तुम्ही दुसऱ्या लिस्टमध्ये आहात, तिथे 118 जण आहेत. तुमचं नाव मी स्वतः मागच्या वर्षी घातलं होतं, "21 मोदक, गूळ कमी" एवढ्या नोंदीसकट.

तरी तो पोचला नाही, कारण तुमच्या फोनमध्ये आमचा नंबर सेव्ह नाही. हे मी अंदाजाने म्हणत नाही. तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर मी तुमचं चॅट उघडून बघितलं. 17 तारखेच्या मेसेजला एकच करडी टिक आहे. त्याच्याच खाली 26 तारखेला, हरतालिकेच्या रात्री, फोन झाल्यावर मी "माफ करा ताई, खरंच शक्य नाही" असं लिहिलं होतं, त्याला दोन निळ्या टिका आहेत. फोन बंद असता किंवा नेट नसतं, तर चालू झाल्यावर वरचा मेसेजही पोचला असता. ब्लॉक केलं असतंत तर खालचाही पोचला नसता. खालचा पोचला, वरचा नाही, याचा अर्थ एकच निघतो.

आता तुम्ही म्हणाल, आपलं तर चॅट झालेलं आहे, मग नंबर नाही कसा? इथेच बहुतेकांची गफलत होते, माझीही झाली होती. तुम्ही मागच्या वर्षी आमच्या डब्यावरचा क्यूआर स्कॅन केला होतात. तो स्कॅन केला की थेट चॅट उघडतं आणि ऑर्डर देता येते, पण नंबर तुमच्या फोनबुकात जात नाही. तो वेगळा सेव्ह करावा लागतो. वर आमचा मोदकांचा फोटो दिसतो म्हणून माणसाला वाटतं की नंबर आहेच. फोटो तर कुणालाही दिसतो. मी तुम्हाला एकटीला मेसेज केला तर तो नंबर सेव्ह नसला तरी येतो. ब्रॉडकास्टमधून पाठवलेला येत नाही. दिसायला दोन्ही सारखेच, एकाच चॅटमध्ये येणारे, पण ॲप दोघांना वेगळं वागवतं. आणि तुमचा नंबर माझ्याकडे सेव्ह असून उपयोग नसतो, माझा तुमच्याकडे असावा लागतो.

असं का ठेवलंय, तर मला ते पटतं. उद्या कुणीही कुठून तरी हजार नंबर मिळवेल, लिस्टा करेल आणि कर्जाच्या, प्लॉटच्या जाहिराती सगळ्यांच्या चॅटमध्ये टाकेल. ज्यानं नंबर सेव्ह केलाय त्याला आपला मेसेज चालतो, असं ॲप धरून चालतं. माझी तक्रार वेगळी आहे. मेसेज पोचला नाही हे ते मला स्पष्ट सांगत नाही. लाल खूण नाही, सूचना नाही. लिस्टमधल्या त्या मेसेजवर बोट दाबून धरायचं, Info उघडायचं आणि कुणाकुणाला पोचला ती नावं बघायची. 17 तारखेला माझ्यासमोर शंभर नारळ खवायचे होते. मी नाही बघितलं. ही चूक माझी, ती मी मान्य करते.

परवा बघितलं. 118 पैकी 37 जणांना पोचलेलाच नाही. त्यातल्या नऊ जणांना मी फोन केले. सात जणांकडे तुमच्यासारखंच, नंबर सेव्ह नव्हता. त्यात दोघींनी मध्यंतरी फोन बदलला होता, जुनी चॅट नव्या फोनवर आली पण फोनबुक आलं नाही. एकाचा नंबरच बदलला होता. आणि एक मुलगी दुबईला असते, डोंबिवलीच्या आईसाठी ऑर्डर देते. तिच्याकडे आमचा नंबर होता, पण नुसते दहा आकडे. तिचं व्हॉट्सॲप तिथल्या नंबरवर चालतं, म्हणून पुढे +91 नसेल तर ते हा नंबर ओळखतच नाही. सांगायचं म्हणजे या नऊ जणांत माझी सख्खी चुलत जाऊ पण होती. ओळखीच्यांनाच कळवलं असतं तर ती तरी सुटली नसती.

राहिला ग्रुपचा प्रश्न. केला होता ताई, 2021 साली. ग्रुपचा फायदा खरा आहे, नाकारत नाही: त्यात नंबर सेव्ह असायची अट नसते, जो ग्रुपमध्ये आहे त्याला मेसेज मिळतोच. आता तर एका ग्रुपमध्ये 1024 माणसं मावतात, म्हणजे माझी सगळी एकाच ग्रुपात बसतील. पण ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. आमच्या एका गिऱ्हाईक बाईंना ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी रात्री परस्पर मेसेज करायला सुरुवात केली. त्या बाईंनी मला फोन करून जे सुनावलं ते मी इथे लिहिणार नाही. त्यांचं बरोबरच होतं, त्यांनी नंबर मोदकांसाठी दिला होता. शिवाय सकाळी सुप्रभातची फुलं, दुपारी कुणाच्या इन्व्हर्टरची जाहिरात, आणि एकानं भावावरून घासाघीस सुरू केली की तिघं त्याच्या मागून. त्या गोंधळात दोन खऱ्या ऑर्डरी माझ्या नजरेतून सुटल्या. मुलगा म्हणाला, फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं कर. केलं. बडबड थांबली, पण सभासदांच्या यादीत नंबर दिसायचे ते दिसतच राहिले.

म्हणून ब्रॉडकास्ट. त्यात तुम्हाला मेसेज एकटीला आल्यासारखा येतो, लिस्टमध्ये आणखी कोण आहे ते कळत नाही, आणि तुमचं उत्तर फक्त माझ्याकडे येतं. "गूळ कमी घाला, सासऱ्यांना साखर आहे" हे 373 लोकांनी वाचायची गरज नाही.

प्रत्येकाला वेगळा मेसेज का नाही पाठवला, असंही कुणी विचारेल. फॉरवर्ड एका वेळी पाच जणांनाच होतो. 374 म्हणजे पंच्याहत्तर वेळा तेच. आणि ज्यांनी नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना असा सपाटा लावला आणि त्यांच्यापैकी काहींनी रिपोर्ट दाबलं, तर नंबरच बंद पडू शकतो. याच नंबरवर माझं सगळं चालतं. तेवढा धोका मी पत्करू शकत नाही.

आणि एक सांगते, राग मानू नका. तुमचा फोन 26 तारखेला रात्री दहा चाळीसला आला. तेव्हा पिठी भिजायची वेळ आली होती, दुसऱ्या दिवशीच्या 1100 मोदकांची मोजणी झाली होती आणि पहाटे चारला आम्ही तिघी उकड काढायला उभ्या राहणार होतो. उकडीचे मोदक फ्रीजमधून काढून द्यायची वस्तू नाही. आणखी 21 म्हणजे दोन नारळ, सारण, पाऱ्या आणि कुणाच्या तरी ठरलेल्या वेळेला उशीर. मी आवाज चढवला नव्हता. तुम्हाला तसं वाटलं असेल तर त्याचीही माफी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक फोन केला असतात तरी चाललं असतं, एवढंच मनात आलं होतं.

पुढच्या वेळेसाठी डब्यावर क्यूआरच्या खाली "नंबर सेव्ह करा" अशी चिठ्ठी लावायचं ठरवलंय, छापायला दिली की लावते. मुलगा कम्युनिटी म्हणून काहीतरी सांगतोय, त्यात म्हणे नंबर बाकीच्यांना दिसत नाहीत आणि सेव्ह असायचीही गरज नाही. नवरात्र झालं की बघू. मेसेज पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी Info बघून राहिलेल्यांना फोन करायचा, असंही म्हणतेय, जमेल तसं.

तुम्ही एवढं करा: आमचा नंबर फोनबुकात घाला, पुढे +91 लावून. झालाय की नाही हे बघायची सोपी खूण म्हणजे आमचं स्टेटस. ते दोघांकडे एकमेकांचा नंबर असेल तरच दिसतं, आणि मी रोज सकाळी एक तरी फोटो टाकते. तो दिसला की मेसेजही येणार.

नवरात्रातल्या पुरणपोळीचा मेसेज आज सकाळी गेला. तुमच्याकडे अजून एकच टिक आहे. तुम्ही हे वाचेपर्यंत मी फोन केलेला असेल.