नेमणूकपत्रात नसलेल्या शब्दांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: «लेख वाचला, पटला नाही. जे नेमणूकपत्रात लिहिलेलं नाही ते वचन नव्हेच. मालक ठरलेला पगार वेळेवर देतो, तिथे त्याची जबाबदारी संपते. उद्या कोणीही उठून ‘माझी अशी अपेक्षा होती’ म्हणेल, ते कोणी मोजायचं? आणि नोकरदार तरी कुठे निष्ठावान आहेत? दोन पैसे जास्त मिळाले की जातातच ना?»

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. नेमणूकपत्रात नसलेले, पण बोलण्यावागण्यातून दिलेले वचनही मालकाला बांधते, हे माझ्या लेखाचे म्हणणे होते. आपण कायदेशीर बाजूने हरकत घेतली आहे, म्हणून आधी कायद्याकडेच वळतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ नुसार, चौथ्या अनुसूचीतल्या बाबींमध्ये बदल करायचा असेल तर मालकाला कामगारांना एकवीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागे. त्या अनुसूचीत पगार आणि कामाचे तास तर होतेच, पण रूढीने चालत आलेली सवलत काढून घेणे किंवा वहिवाट बदलणे हीही एक बाब होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती कायम ठेवली आहे. हे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांनाच आहे, व्यवस्थापकांना नाही, ही त्याची मर्यादा मला मान्य आहे. तरीही कागदावर नसलेली गोष्ट वर्षानुवर्षांच्या वागण्यातून बंधनासारखी होते, एवढे आपल्या कायदेकर्त्यांनी १९५६ मध्ये हे कलम कायद्यात घालतानाच मान्य केले होते.

आता मूळ मुद्दा. न बोललेले वचन मोडते तेव्हा माणसाला ते उघडपणे मागता येत नाही, कारण मागायला कागद नसतो. म्हणून ती दुखावलेली भावना भलत्याच मागणीच्या रूपाने बाहेर येते आणि व्यवस्थापन भलत्याच दुखण्यावर औषध देत बसते. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला समाजशास्त्रज्ञ ॲल्विन गोल्डनर यांच्या अभ्यासात दिसते. मालक आणि नोकरदार यांनी एकमेकांकडून धरलेल्या अशा अलिखित अपेक्षांसाठी ‘मानसिक करार’ ही संज्ञा व्यवस्थापनाचे अभ्यासक ख्रिस आर्गिरिस यांनी १९६० मध्ये वापरली. गोल्डनर यांचा अभ्यास त्याच्याही आधीचा आहे आणि त्यात ही संज्ञा येत नाही, पण घडले ते नेमके हेच.

अमेरिकेतला जिप्समचा एक कारखाना, खाण आणि जमिनीवरचा, भिंतीला लावायचे बोर्ड बनवणारा विभाग मिळून सव्वादोनशेच्या आसपास माणसे. जुन्या व्यवस्थापकाच्या काळात तिथे काही गोष्टी कुणी न सांगता चालत. घराच्या डागडुजीसाठी कारखान्याची हत्यारे नेता येत, बोर्ड स्वस्तात मिळे, दुखापत झालेल्या माणसाला बरे होईपर्यंत हलके काम दिले जाई, आणि चूक झाली तर एकदा सांभाळून घेतले जाई. फोरमन पाठीवर बसत नसे. यातले काहीही युनियनच्या करारात नव्हते. कामगारांच्या दृष्टीने मात्र हीच ती जागा चांगली असण्याची खूण होती, आणि तिच्या बदल्यात ते कुरकुर न करता काम करत.

मग जुना व्यवस्थापक गेला आणि मुख्य कार्यालयाने उत्पादन वाढवण्यासाठी नवा माणूस पाठवला. त्याने हत्यारे नेणे बंद केले, नियम कडक केले, देखरेख वाढवली. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याने एकही शब्द मोडला नव्हता, कारण त्याने कुणाला शब्द दिलाच नव्हता. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांतही हे असेच घडते. वचन कंपनीच्या नावाने दिले जाते, पण ते राहते एखाद्या माणसापाशी. ‘यंदा वाढ कमी देतोय, पुढच्या वर्षी तुझं बघतो’ म्हणणाऱ्या मॅनेजरची बदली होते. त्याच्या जागी आलेल्याला यातले काही ठाऊक नसते आणि एचआरच्या फाइलमध्ये त्याची नोंद नसते. ज्याने तो शब्द धरून वर्षभर रविवार कामात घातले, त्याच्या लेखी मात्र कंपनी तीच असते.

एलिझाबेथ मॉरिसन आणि सँड्रा रॉबिन्सन या संशोधकांनी १९९७ मध्ये हा भेद नीट मांडला. वचन जाणूनबुजून न पाळणे वेगळे, आणि वचन काय होते याबद्दल दोन्ही बाजूंची समजच वेगळी असणे वेगळे. शिवाय वचन पाळले गेले नाही हे ध्यानात येणे आणि त्याचा संताप येणे याही त्यांच्या मते दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. या दोहोंच्या मध्ये माणूस विचार करतो, की हे यांनी मुद्दाम केले का, आणि मला न्यायाने वागवले का.

जिप्समच्या कारखान्यात पुढे काय झाले? १९४८ मध्ये कामगारांनी पगारवाढ मागितली आणि ती मिळाली. हत्यारे परत द्या किंवा हलके काम परत द्या, असे कुणी म्हटले नाही, कारण अशी मागणी वाटाघाटीच्या टेबलावर मांडण्याजोगी त्यांना वाटत नव्हती. व्यवस्थापनाला वाटले, प्रश्न मिटला. मूळ तक्रार तशीच राहिली आणि १९५० मध्ये तिथे अचानक संप झाला. अपेक्षा कोणी मोजायच्या, असे आपण विचारता. त्या कारखान्याने त्या मोजल्या नाहीत, म्हणून पगारवाढ देऊनही संप टळला नाही.

मोजण्याची रीत मात्र हवी, हे मी मान्य करतो. प्रत्येक अपेक्षा म्हणजे वचन नव्हे. शेजारच्या कंपनीत घरून काम करता येते म्हणून मलाही ते मिळावे, ही नुसती इच्छा झाली. मी दोन गोष्टी तपासतो: मालकाच्या बाजूने काही बोलणे किंवा पुन्हा पुन्हा केलेले वागणे होते का, आणि त्यावर विसंबून कर्मचाऱ्याने खरेच काही दिले का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर तो करार आहे, त्यावर सही नसली तरी.

वचन मोडणे कधी अटळही असते. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार पंधरा टक्क्यांनी कापला गेला होता. एकीकडे कंपनीच्या अध्यक्षाने सविस्तर कारणे दिली, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरे दिली. दुसरीकडे थोडक्यात घोषणा करून विषय संपवला. दोन्ही ठिकाणी कारखान्यातून वस्तू चोरीला जाण्याचे प्रमाण वाढले, पण कारणे न सांगितलेल्या ठिकाणी ते कितीतरी जास्त होते, आणि पगार पूर्ववत झाल्यावर खाली आले. कपात दोन्हीकडे सारखीच होती, हे लक्षात घ्या.

नोकरदारांच्या निष्ठेबद्दल आपण म्हणता ते काही अंशी खरे आहे. हा करार दुतर्फा असतो आणि कर्मचारीही तो मोडतात. नोटीस पीरियड न पाळता निघून जाणारा, प्रशिक्षण घेऊन महिन्याभरात राजीनामा देणारा माणूस सहकाऱ्यांनाही अडचणीत टाकतो. पण रॉबिन्सन आणि डेनिस रूसो यांनी १९९४ मध्ये एमबीए झालेल्यांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मालकाने शब्द मोडल्याचे सुमारे ५५ टक्क्यांनी सांगितले, आणि असे सांगणाऱ्यांत नोकरी सोडण्याचा कल जास्त होता. ‘दोन पैसे जास्त’ हे राजीनाम्यात लिहायला सोपे कारण आहे. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये मी तेच वारंवार ऐकले आहे. त्याआधीचे काही महिने पाहिले तर वेगळी खूण दिसते: माणूस काम बिनचूक करतो, पण सांगितले तेवढेच करतो, नव्या मुलाला शिकवत नाही, मीटिंगमध्ये चूक दिसली तरी बोलत नाही. नेमणूकपत्रातली एकही अट त्याने मोडलेली नसते.

एका परिस्थितीत मात्र आपला नियम पूर्ण लागू पडतो. अमुक मुदत, अमुक काम, अमुक पैसे, त्यापलीकडे काही नाही, असे मालकाने पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितले आणि पुढेही तसेच वागले, तर तिथे न बोललेले वचन तयारच होत नाही. काही कंत्राटी कामे अशी प्रामाणिकपणे चालतात. पण मग त्या मालकाला ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ असे म्हणून शनिवारी रात्री कुणाला थांबवून घेता येणार नाही.