ऑफिसच्या ग्रुपवरचा 👍 आणि मित्रांच्या ग्रुपवरचा 👍

मागच्या महिन्यात आमच्या डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेदहाला एक मेसेज आला. आमच्याकडे डिस्पॅच बघणारा मुलगा आहे, त्याचा. "सर, आईला ॲडमिट केलंय, बीपी खूप वाढलं होतं, उद्या येता येणार नाही, फाईल मॅडमना पाठवून ठेवली आहे 🙏". दोन मिनिटांत साहेबांचा रिप्लाय आला 👍. बास, एवढंच. मग त्याच्याखाली एकामागोमाग एक असे अजून सहा अंगठे. त्यातला एक माझा होता, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

नंतर तो मुलगा कामावर आला तेव्हा कॅन्टीनमध्ये मी त्याची माफी मागितली, तर म्हणाला ताई, तुमचं काही नाही हो, पण त्या क्षणी वाटलं आपली आई म्हणजे एक लीव्ह ॲप्लिकेशन झाली. आणि मग त्याने मला त्याच रात्रीचं त्याच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवरचं दाखवलं. तिथे एकाने लिहिलं होतं "कुठलं हॉस्पिटल, निघालो", दुसऱ्याने विचारलं होतं "पैसे आहेत का जवळ", आणि तिसऱ्याने फक्त 👍 टाकला होता, एक अक्षर न लिहिता. तो तिसरा अर्ध्या तासात चहाचा थर्मास घेऊन हॉस्पिटलच्या खाली उभा होता. मुलगा म्हणाला, त्याचा अंगठा बघितला आणि मला हायसं वाटलं.

म्हणजे चित्र तेच, रात्र तीच, बातमी तीच. मग फरक कुठे पडला यावर मी बरेच दिवस विचार करतेय.

एक तर त्या मेसेजमध्ये दोन गोष्टी होत्या. एक सुट्टी आणि फाईल, दुसरी आई. साहेबांचा अंगठा पहिल्या गोष्टीला होता, म्हणजे सुट्टी मंजूर, फाईलचं कळलं. माणूस वाईट नाहीये, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः फोन करून चौकशी केली होती. पण अंगठा कुठल्या वाक्याला आहे हे अंगठ्यावर लिहिलेलं नसतं, आणि वाचणारा तो नेहमी त्याला जे सगळ्यात जास्त टोचतंय त्यालाच लावून वाचतो. मित्राच्या बाबतीत हा प्रश्न आला नाही कारण त्या अंगठ्याच्या मागे वीस वर्षं होती, हा थर्मास घेऊन येणारच हे माहीत होतं. साहेबांच्या अंगठ्याच्या मागे फक्त खुर्ची होती. (आपल्याकडे तसाही अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं, आणि अंगठा उठवणं म्हणजे सही करणं, हे दोन्ही अर्थ इमोजी यायच्या कितीतरी आधीचे आहेत.)

हा गोंधळ थेट हायकोर्टापर्यंत गेलेला आहे. रेल्वे सुरक्षा दलात 2018 साली मेघालयात एका अधिकाऱ्याचा खून झाला, त्याची बातमी दलाच्या ग्रुपवर आली आणि एका कॉन्स्टेबलने त्यावर 👍 टाकला. खुनाला पाठिंबा दिला असं धरून त्याला नोकरीतून काढून टाकलं. प्रकरण मद्रास हायकोर्टात गेलं आणि 2024 मध्ये खंडपीठाने त्याला कामावर परत घेण्याचा आदेश कायम ठेवला, कारण तो अंगठा म्हणजे मेसेज पाहिला एवढाच अर्थ असू शकतो, आनंद साजरा केला असं म्हणता येणार नाही. त्याला म्हणायचं होतं "वाचलं", वरच्यांनी वाचलं "छान झालं". हे मित्रांच्या ग्रुपवर घडलं असतं तर कोणीतरी लगेच "अरे हे काय टाकलंस" म्हणून झापलं असतं आणि दोन मिनिटांत विषय मिटला असता. ऑफिसच्या ग्रुपवर कोणी विचारत नाही, मनात धरून ठेवतात.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. आपण मराठीत बोलताना आवाज मऊ करायला इमोजी लागतच नाही, आपल्याकडे त्यासाठी शब्द आहेत. "पाठव" आणि "पाठव हं" यात केवढा फरक आहे बघा. "ये ना", "सांग की", "राहू दे गं", "बरं का". मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर आपण हे सगळं जसंच्या तसं टाइप करतो, त्यामुळे तिथे सूर आधीच लागलेला असतो आणि इमोजी वरच्या मजेसाठी उरतो. माझी मैत्रीण मला चिडवून 🙏 टाकते तेव्हा तो नमस्कार नसतो, "धन्य आहेस बाई" असतं, आणि मला ते कळतं कारण आधीच्या ओळीत "अगं" आहे.

ऑफिसमध्ये मात्र आपण हे हं, ना, की सगळं काढून ठेवतो. एकतर अर्धं इंग्रजी लिहितो, "प्लीज शेअर द रिपोर्ट टुडे", त्यात हं बसणार कुठे, नाहीतर सरकारी मराठी, "कृपया अहवाल पाठवावा". ते लिहून झालं की आपल्यालाच ते कोरडं वाटतं, म्हणून शेवटी 🙂 किंवा 🙏 चिकटवतो. म्हणजे ऑफिसमधला इमोजी हा खरं तर गाळलेल्या "हं"ची भरपाई असतो. आणि भरपाई म्हणून तो कमी पडतो, कारण "हं"चा अर्थ सगळ्यांना एकच कळतो आणि 🙂 चा नाही. आमच्याकडे पन्नाशीच्या मॅडम मनापासून "उद्या बोलू 🙂" लिहितात आणि पंचविशीतली पोरं रात्रभर विचार करत बसतात की आपलं काय चुकलं, कारण त्यांच्या ग्रुपवर हा साधा चेहरा दात ओठ खाऊन हसल्यासारखा वापरतात.

अनोळखी माणसाला तर अजूनच जपून. इस्रायल आणि ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी 2017 मध्ये यावर काम केलं होतं, त्यात कामाच्या पहिल्या ईमेलमध्ये स्मायली टाकणारा माणूस वाचणाऱ्याला जास्त प्रेमळ वाटला नाहीच, उलट कामात कच्चा वाटला. प्रसंग अनौपचारिक असला की मात्र स्मायली खऱ्या हसण्यासारखा पोचत होता.

इमोजी बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. चाळीस जणांच्या ग्रुपवर "मीटिंग चार वाजता" याला चाळीस जणांनी "ओके सर" लिहिण्यापेक्षा त्या मेसेजवरच 👍 रिॲक्शन दिलेली कधीही चांगली, तिथे दुसरा अर्थ निघायला जागाच नाही. पण मेसेजमध्ये कोणाचं दुखणं असेल, मरण असेल, चूक कबूल केली असेल, नाही तर कोणी काही मागितलं असेल तर आधी शब्द, मग पाहिजे तर चित्र. आणि ही जबाबदारी वरच्या माणसाची जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे. खालचा माणूस 🙏 टाकतो कारण त्याला वर बोलायचं असतं. वरच्याने नुसतं चित्र टाकलं की खालचे सगळे तेच टाकतात, साहेबांपेक्षा जास्त कोण बोलणार.

चार दिवसांनी त्या मुलाने "आईला डिस्चार्ज मिळाला" असं टाकलं. कोणीतरी साहेबांच्या कानावर घातलं असावं. यावेळी त्यांनी लिहिलं, "बरं झालं. आता कशा आहेत? सोमवारी आलास तरी चालेल." मग खाली सगळ्यांचे मेसेज आले. काळजी घे, काही लागलं तर सांग, डबा पाठवू का. त्या सहा जणांपैकी एकानेही अंगठा टाकला नाही.