वळणाचा लॉस वेगळा, जोडाचा लॉस वेगळा

"फायबर ही काच आहे, एकतर तुटते नाहीतर चालते. तुटली नाही तर कितीही घट्ट वळवा, फरक पडत नाही. लाल लाइटचा पेन लावून दुसऱ्या टोकाला लाल दिसलं की लाइन शंभर टक्के ओके. खरा चोर जॉइंट, एका जॉइंटला ३ डीबी जातात आणि ३ डीबी म्हणजे स्पीड अर्धा. टेक्निशियन जॉइंट मारायला लागला तर सरळ नाही म्हणा. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

घोडबंदर रोडच्या दोन सोसायट्यांमधून आणि वर नेरूळच्या मावसभावाकडून, असा तीनदा आलाय हा मेसेज मला. मी ठाणे-नवी मुंबईत स्प्लायसिंगचंच, म्हणजे फायबर जोडायचंच काम करतो आणि हे वाचून लोक दारातून टेक्निशियनला परत पाठवायला लागलेत, म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी वळणाचं. फायबरचा कोअर, म्हणजे प्रकाश नेणारा मधला भाग, साधारण ९ मायक्रॉनचा, पण प्रकाश काही त्याच्या आत कोंबून बसलेला नसतो, त्याची थोडी किनार बाहेरच्या क्लॅडिंगमध्येही पसरलेली असते. आता टेंभी नाक्याच्या मिरवणुकीत ढोल पथकाची आडवी रांग कोपऱ्यावर वळते ते आठवा, आतला वादक जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरच्याला रांग सांभाळायला जवळजवळ पळावं लागतं. फायबर वळला की किनारीच्या प्रकाशाचं तेच होतं, त्याला बाहेरून जास्त अंतर तेवढ्याच वेळात कापायचं असतं, पण काचेत प्रकाशाच्या वेगाला मर्यादा आहे, त्यामुळे ज्याला पळणं जमत नाही तो भाग रांग सोडून बाहेर निघून जातो. तो गेलेला प्रकाश म्हणजे बेंड लॉस. काच अख्खी असते, पॉवर गेलेली असते.

आणि हा लॉस हळूहळू वाढत नाही, त्रिज्या कमी केली की घातांकी वेगाने वाढतो. डीबी म्हणजे प्रकाश किती कमी झाला त्याचं माप. नेहमीचा जी.६५२.डी फायबर ३० मिमी त्रिज्येला १०० वेढे मारले तरी १६२५ नॅनोमीटर वेव्हलेंग्थच्या प्रकाशाला ०.१ डीबीपेक्षा जास्त खात नाही, मानकातच तसं आहे. पण १० मिमीला काय होईल याची ते मानक कसलीही हमी देत नाही. घरात ओढायला निघालेला जी.६५७ वेगळा, त्यातला ए१ प्रकार १० मिमीच्या एका वेढ्याला १५५० वर जास्तीत जास्त ०.७५ डीबी, ए२ प्रकार ०.१ डीबी. भिंतीचा एक काटकोन म्हणजे पाव वेढा धरायचा, म्हणजे ए१ ला असे चार कोपरे मिळून पाऊण डीबीच्या आत. हा ढोबळ अंदाज आहे हं, वळणात शिरताना आणि बाहेर पडताना थोडा वेगळा लॉस होतो आणि कोपऱ्याची धार लागली असेल तर १० मिमी त्रिज्या फक्त कागदावर राहते. म्हणून आधी केबलच्या जॅकेटवर काय छापलंय ते वाचा, मग "कितीही घट्ट" वगैरे बोला.

आता एक प्रत्यक्ष केस, कारण वळण आणि जोड वेगळे कसे ओळखायचे ते यातच कळतं. नेरूळला एका फ्लॅटमध्ये इंटिरियरचं काम झाल्यावर नेट दिवसातून पाच-सहा वेळा जायला लागलं. ओएनटीवर, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्यावर, पोचणारी पॉवर उणे २७.१ डीबीएम, उणे आकडा जेवढा मोठा तेवढा प्रकाश कमी. एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या त्याच स्प्लिटरवरच्या समोरच्या फ्लॅटला उणे २२.४. हिशोबाने समोरचाच बरोबर होता: कंपनीच्या टोकाकडून ३ डीबीएम निघतात, ५ किलोमीटर केबलचे सव्वा डीबी, दोन टप्प्यांत मिळून ६४ भाग करणाऱ्या स्प्लिटरचे २१ च्या आसपास आणि कनेक्टर-जोड मिळून तीनेक. मग या फ्लॅटचे ४.७ डीबी मजल्यावरचा बॉक्स आणि ओएनटी यांच्यामधल्या ४० मीटरमध्येच जात होते. त्या फ्लॅटमधल्या काकूंना मात्र कंपनीकडून फोनवर तीन वेळा सांगितलं गेलं की आमच्याकडे तुमचा सिग्नल व्यवस्थित दिसतोय. ते खोटंही नव्हतं. तिथे घराकडून येणारी १३१० ची पॉवर बघत असतील तर ती खरंच ठीक होती, घरात येणारा प्रकाश १४९० चा असतो आणि दुखणं तिकडे होतं.

मी त्या ४० मीटरच्या तुकड्याला एका टोकाला लाइट सोर्स आणि दुसऱ्या टोकाला पॉवर मीटर लावून दोन वेव्हलेंग्थवर मोजलं. एवढ्याशा तुकड्यात फायबरचा स्वतःचा लॉस जवळजवळ शून्य, दोन कनेक्टरचे मिळून ०.६ डीबी धरले तर तेवढंच यायला हवं. आलं काय, तर १३१० ला २.३ आणि १५५० ला ८.९.

हा फरकच सगळं सांगतो. वेव्हलेंग्थ वाढली की प्रकाशाची किनार आणखी पसरते, त्यामुळे वळणावर १५५० कितीतरी जास्त गळतो. जोड सरकलेला असेल तर बरोबर उलट, पसरट प्रकाशाला थोडं सरकणं चालून जातं, म्हणून १३१० ला लॉस जास्त आणि १५५० ला थोडा कमी. कनेक्टर घाण असेल तर दोन्हीकडे साधारण सारखाच. इथे १५५० एवढा बुडालेला, म्हणजे वळण, शोधायला लागायचंच नाही. टीव्ही युनिटमागच्या स्विच बॉक्समध्ये उरलेली केबल दीड-पावणेदोन सेंटीमीटर रुंदीचे दोन वेढे मारून कोंबली होती, जॅकेटवर जी.६५२.डी. वेढे सोडवून केबल मोकळी केली आणि परत मोजलं: १३१० ला १.९, १५५० ला १.६. म्हणजे त्या दोन वेढ्यांनी १३१० चे फक्त ०.४ आणि १५५० चे ७.३ डीबी खाल्ले होते. तुटलेलं काहीच नव्हतं.

लाल पेनचा मुद्दा इथेच संपतो खरं तर. वेढे सोडवायच्या आधी मी पेन लावला होता, पलीकडे लाल छान दिसत होतं. पेनचा प्रकाश ६५० नॅनोमीटरचा, एवढ्या आखूड वेव्हलेंग्थला किनार कमी पसरते आणि तो कोअरमध्ये घट्ट धरलेला राहतो, त्यामुळे १४९० जिथे बेजार होतो तिथून लाल बऱ्यापैकी निघून जातो. शिवाय डोळ्याला ५ डीबी कमी-जास्त कळत नाही. पेन चांगलं हत्यार आहे, माझ्या खिशात कायम असतो, तुटलंय कुठे आणि कोणता फायबर कोणता एवढं तो सांगतो, कधी खूप घट्ट वळणावर केबल लाल चमकतानाही दिसते. पण किती डीबी गेले ते त्याला विचारू नका.

आता जॉइंट. वर वेढे सोडवल्यावर कनेक्टरचे ०.६ वजा करून १३१० ला १.३ आणि १५५० ला १.० डीबी उरतात. १३१० ला जास्त, म्हणजे संशय जोडावर, आणि त्याच बॉक्सच्या वर एक मेकॅनिकल जोड, म्हणजे टोकं न वितळवता नुसती समोरासमोर धरून ठेवणारा, होताच. दोन्ही टोकांचे कोअर किती सरकलेत त्याचा अंदाज या सूत्राने येतो:

```
L = 4.34 × (d / w)^2
```

यात d म्हणजे सरकलेलं अंतर मायक्रॉनमध्ये, w म्हणजे प्रकाशाच्या ठिपक्याची त्रिज्या, १३१० ला ४.६ आणि १५५० ला ५.२ मायक्रॉन धरा, उत्तर डीबीत. d ला २.५ घातलं तर १३१० ला १.२८ आणि १५५० ला १.०० येतं, म्हणजे मोजलेल्याशी जुळतं. सरकण्याऐवजी टोकं तिरकी बसली असती तर दोन्ही आकडे आणखी जवळ आले असते, १ अंश तिरकेपणाला १३१० वर ०.३५ आणि १५५० वर ०.३२. अर्थात मीटर ०.१-०.२ इकडेतिकडे दाखवतोच, नुसत्या आकड्यावर मी पैज लावणार नाही, पण जोड उघडला तर आत पीओपीची भुकटी होती. अडीच मायक्रॉनला तेवढी पुरते, केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो यावरून समजा.

याच सूत्रात d ला १ घाला, ०.२ डीबी. ३ डीबी जायला जवळजवळ ४ मायक्रॉन सरकावं लागतं, म्हणजे कोअर जवळपास अर्धा बाजूला, आणि असा जोड मी तरी तोडून परत मारेन. टोकं वितळवून नीट केलेला फ्यूजन जोड ०.०२ ते ०.०५ डीबीत बसतो, मी तो मेकॅनिकल काढून फ्यूजन मारला आणि तो तुकडा दोन्ही वेव्हलेंग्थला ०.६-०.७ वर आला. म्हणजे मेसेज ऐकून काकूंनी जॉइंटला नाही म्हटलं असतं तर जो जॉइंट मारल्याने १ डीबी परत आला तोच राहून गेला असता. एक मात्र खरं, स्प्लायसिंग मशीनच्या स्क्रीनवर ०.०१ दिसला म्हणून तेवढाच लॉस झाला असं नाही, तो मशीनने कॅमेऱ्यातून बघून लावलेला अंदाज असतो, मोजलेला लॉस नाही. मोजायचा तर मीटर किंवा केबलमध्ये कुठे किती लॉस आहे ते दाखवणारा ओटीडीआर लागतो. टेक्निशियनला विचारायचंच तर हे विचारा, मोजून दाखवतोस का.

राहिला स्पीड. ३ डीबी म्हणजे प्रकाश अर्धा, हे बरोबर, पण स्पीडचा त्याच्याशी असा संबंध नाही. घरी येणारी जीपॉन लाइन २.४८८ गिगाबिटलाच चालते, पॉवर उणे १८ असो की उणे २४, प्लॅनचा स्पीड तोच मिळतो. ओएनटीला नेहमीच्या बी प्लस क्लासमध्ये उणे २७ पर्यंत वाचता येतं, त्या कडेला आलं की बिट चुकायला लागतात, काही चुका दुरुस्त होतात, आणि मग अचानक सिग्नल गेल्याचा, एलओएसचा लाल दिवा. काकूंचा स्पीड टेस्ट नेट चालू असताना पूर्ण यायचा, म्हणूनच कोणी विश्वास ठेवत नव्हतं. वेढे सोडवल्यावर उणे २३.५ आणि जोड बदलल्यावर उणे २२.४ झालं, समोरच्या फ्लॅटएवढं.

ज्या सोसायट्यांमध्ये १० गिगाबिटची एक्सजीएस-पॉन लाइन येतेय त्यांनी टीव्ही युनिटमागचा बॉक्स आत्ताच उघडून बघा. तिथे घरात येणारा प्रकाश १५७७ नॅनोमीटरचा, आणि काकूंच्या त्या दोन वेढ्यांनी १५५० ला ७.३ खाल्ले तर १५७७ ला माझ्या अंदाजाने १० च्या आसपास खाल्ले असते. उरलेली केबल कापायची नसेल तर हातभर रुंद वेढा करून कपाटाच्या वर ठेवा, बॉक्समध्ये ठेवायलाच लागली तर ६ सेंटीमीटर रुंदीपेक्षा लहान वेढा करू नका.