दिव्याचे ठोके

सोसायटीच्या सभेत पाइप गॅसचा विषय निघाला आणि मी एवढंच विचारलं की महिन्याला नेमका किती खर्च येईल. त्यावर तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, हिशेब आमच्यावर सोडा. तुम्ही पोळ्या बघा." लोक हसले. आमचे हेसुद्धा हसले, हे मी टिपून ठेवलंय.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे आकडा म्हणजे आपल्या घराण्याची मिळकत असं त्यांना वाटतं. रात्री त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर तक्ता टाकला : सिलिंडर 850, पाइप गॅस 900, इंडक्शन 810. खाली तीन वेळा 'स्वस्त!'. लगेच अंगठे, हात जोडलेले, फुलं. फुलं कशाला, मला अजून कळलेलं नाही.

गोल आकडे मलाही मान्य होते. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिट उष्णता असते (विजेचं जे युनिट, तेच). शेगडीवर त्यातली सगळी भांड्यात जात नाही, बरीचशी भांड्याच्या बाजूने वर जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बाईला भाजते. घरच्या वापरात 60 टक्के कामी आली तर 108 युनिट खरी शिजवायला. महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या घराची ही गरज. इंडक्शनमध्ये भांड्याचा तळच तापतो म्हणून वाया कमी जातं. अण्णांनी 80 टक्के धरले, म्हणून 135 युनिट वीज. गुणिले 6 रुपये, 810.

"हे 80 कुठून आणलं?" असं मी ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं : "प्रयोग करून बघा." मी म्हटलं, चला, करूया.

रविवारी सकाळी अण्णा खाली मीटरच्या पेटीसमोर, मी वर ओट्यापाशी. आमच्या मीटरवर 3200 imp/kWh असं छापलंय, म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. मी दोन लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात घेतलं, थर्मामीटर लावला, पाणी 25 अंशांवर होतं. ते 95 अंशांवर न्यायचं, त्याला शास्त्राप्रमाणे 0.163 युनिट उष्णता लागते. इंडक्शन मुद्दाम 1000 वॅटवर ठेवलं. 2000 वर ठेवलं असतं तर दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकला असता, आणि अण्णांचं वय सत्तरच्या पुढे आहे.

"फ्रिज बंद केलात?" खालून आवाज. केला होता. "पंखा?" केला. "गीझर?" केला. "वायफाय?" मुलगा खोलीतून ओरडला, ते नाही होणार. वायफायने दहा-बारा मिनिटांत फार तर सात-आठ ठोके वाढतात म्हणून सोडून दिलं.

मग अण्णांनी मोजायला सुरुवात केली. मोठ्याने. जिन्यात आवाज घुमतो, अख्ख्या बिल्डिंगला कळत होतं की एकशे सत्तावीस झाले. दूधवाला आला, त्याला वाटलं आजोबांना डॉक्टरने काहीतरी सांगितलंय. तो आदराने कडेने गेला. पहिल्या मजल्यावरच्या मावशी आल्या आणि त्यांनी विचारलं, "काय मोजताय हो?" अण्णा माणसाचं उत्तर टाळत नाहीत. ते म्हणाले, "तीनशे एक्केचाळीस." मावशी म्हणाल्या, "अगं बाई, इतकं?" आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतःही मोजायला सुरुवात केली, पण एकपासून. दोघे शेजारी उभे, एकाचं चारशे, दुसरीचं पंचावन्न. चारशे ते चारशे एकसष्ट या पट्ट्यात अण्णा दोनदा डळमळले आणि मावशींना म्हणाले, "तुम्ही मनात मोजा." मावशी म्हणाल्या, "मनात मला राहत नाही."

पाणी 95 अंशांवर पोचलं, मी "बास!" म्हणाले. अण्णांचा आकडा 650. म्हणजे 0.203 युनिट वीज, त्यातलं 0.163 पाण्यात. भागाकार केला, 80 टक्के. मावशींचा आकडा वेगळा होता. तो कोणी विचारला नाही, त्याबद्दल त्या अजून नाराज आहेत.

तर 80 खरं होतं. खोटं होतं ते 6 रुपये. महावितरणचं घरगुती बिल पट्ट्यांचं असतं. पहिल्या 100 युनिटांचा दर वेगळा, 101 ते 300 चा जवळजवळ दुप्पट. वहन आकार धरून हिशेबाला 6 आणि 12 घेऊ. अण्णांच्या घरी 90 युनिट जळतात. त्यात इंडक्शनची 135 आली की पहिली 10 तेवढी 6 च्या दराने, उरलेली 125 सरळ 12 ने. 60 आणि 1500, झाले 1560. त्यावर 16 टक्के वीज शुल्क, जे अण्णांनी तक्त्यात घेतलंच नव्हतं. म्हणजे 1800 च्या वर. सिलिंडरच्या दुप्पट! आमचं बिल आधीच 190 युनिटांचं, त्यामुळे आमचा प्रत्येक नवा फुलका निदान 12 च्या दराने. 850 रुपयांच्या सिलिंडरपुढे इंडक्शन टिकायला शुल्कासकट युनिट सव्वासहा रुपयांच्या आसपास पडायला हवं.

पाइप गॅसच्या 900 मध्येही मेख होती. 180 युनिट उष्णता म्हणजे साधारण 18 घनमीटर, 50 ने 900, इतपत बरोबर. पण नळी जोडणारा येतो तो जुन्याच शेगडीचं जेट बदलून जातो, कारण या गॅसला मोठं भोक लागतं. अशा बदललेल्या शेगडीची कार्यक्षमता 40 टक्क्यांच्या आसपास पडते, पाइप गॅससाठीच बनवलेलीची 55. मग त्याच 108 युनिटांना 27 घनमीटर लागतात, बिल 1350. नवी शेगडी घेतली तर 980. ज्योत पिवळी, पातेल्याचा बुडखा काळा, भाताला नेहमीपेक्षा उशीर, ही खूण कुठल्याही स्वयंपाक करणाऱ्या माणसाला कळते. बँकेतल्याला कळेलच असं नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले, त्यातला एक यांचा. दुसऱ्या दिवशी अण्णांनी 'सुधारित तक्ता' टाकला. त्यात माझे सगळे आकडे होते. खाली त्यांची सही होती. फुलं पुन्हा आली.

आणि आता तर कहर आहे. अण्णांनी सिलिंडर ठेवलाय, पण त्या उरलेल्या 10 स्वस्त युनिटांवर ते इंडक्शनवर चहा करतात. चहा भरपूर होतो तेवढ्यात. मात्र 100 ओलांडली की दर दुप्पट, म्हणून रोज मीटर बघावं लागतं, आणि त्यांना गुडघेदुखी. "ताई, खाली जाताय ना, जरा आकडा बघून या!" मी बघते आणि जिन्यातून ओरडते, "अण्णा, 97!" वरून लगेच, "पॉइंट किती?"