‘थोडी बाकी ठेवा, स्कोअर वाढेल’ या सल्ल्याचा प्रतिवाद

“क्रेडिट कार्डाचे बिल कधीच पूर्ण भरू नका. थोडी बाकी ठेवली की बँकेला व्याज मिळते आणि क्रेडिट स्कोअर वाढतो. न वापरलेली जुनी कार्डे बंद करा. कर्जासाठी चार ठिकाणी विचारू नका, स्कोअर कोसळतो. आणि एवढे करून व्याजात एखाद्या टक्क्याचाच फरक पडणार असेल, तर त्याचे काय मोठे?”

पहिला सल्ला दोन वेगळ्या ‘बाकी’ एकच समजल्यामुळे जन्माला आला आहे. कार्ड कंपनी ठरावीक अंतराने, अनेकदा स्टेटमेंट निघते त्या सुमारास, खात्यावर त्या क्षणी किती रक्कम आहे, मर्यादा किती आहे आणि मागचे बिल वेळेवर भरले का, हे कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला कळवते. तुम्ही बँकेला किती व्याज दिले, याचा रकाना स्कोअरच्या हिशेबात नाही. त्यामुळे देय तारखेला पूर्ण बिल भरणाऱ्याच्या नावावरही स्टेटमेंटपुरती रक्कम दिसतेच, आणि कार्ड वापरात असल्याची नोंद तेवढ्यानेच होते. देय तारीख उलटल्यावर मुद्दाम ठेवलेल्या बाकीवर फक्त व्याज चढते. ज्यांना हा उपाय ‘लागू पडला’, त्यांचा स्कोअर बहुधा वेळेवर किमान रक्कम भरल्यामुळे टिकला असावा; श्रेय मात्र व्याजाला गेले.

स्कोअरमध्ये काय मोजले जाते, याची स्थूल विभागणी अमेरिकेतील फेअर आयझॅक या कंपनीने आपल्या फायको स्कोअरसाठी जाहीर केलेली आहे : परतफेडीचा इतिहास ३५ टक्के, देणे असलेल्या रकमा ३० टक्के, खात्यांचे वय १५ टक्के, नवी कर्जे १० टक्के आणि कर्जांचे प्रकार १० टक्के. इतर स्कोअरांचे प्रमाण वेगळे असते, पण पहिल्या दोन घटकांचे वजन बहुतेक ठिकाणी मोठेच राहते. पगार यात कुठेही नाही.

आता जुने कार्ड बंद करण्याविषयी. समजा, एका कार्डाची मर्यादा ६०,००० आहे आणि स्टेटमेंटवर ३०,००० दिसतात. दुसरे, कपाटात पडलेले जुने कार्ड १,४०,००० मर्यादेचे आहे. एकूण दोन लाखांपैकी ३०,००० म्हणजे वापर १५ टक्के. जुने कार्ड बंद करताच तेच ३०,००० साठ हजारांवर मोजले जातात आणि खर्च एका पैशाने न वाढता वापर ५० टक्के होतो; वापर जास्त दिसला की स्कोअर घटतो. (‘बंद केल्यास जुने वय पुसले जाते’ हे नेहमीचे कारण मात्र तितके खरे नाही; फायकोच्या पद्धतीत चांगले चाललेले बंद खाते ब्युरोच्या अहवालात असेपर्यंत त्याचे वय धरले जाते.) कार्डाचे वार्षिक शुल्क जड असेल तर ते जरूर बंद करावे, पण गृहकर्जासारखे मोठे कर्ज घ्यायचे असेल तर ते मंजूर झाल्यावर. अर्जाच्या आधीच्या महिन्यात वापर कमी दिसावा असे वाटत असेल, तर देय तारखेची वाट न पाहता स्टेटमेंट निघण्यापूर्वीच २७,००० भरून टाकावेत. मग एकच कार्ड असले तरी वापर ५ टक्के दिसतो. वापराचा हा आकडा बहुतेक प्रचलित स्कोअरांत ताज्या नोंदीवर ठरत असल्याने सुधारणा लवकर दिसते. चुकलेला हप्ता मात्र वर्षानुवर्षे अहवालात राहतो.

चौकशीची भीती अंशतः खरी आहे. महिन्याभरात पाच प्रकारच्या कर्जांसाठी केलेले अर्ज खटकतात. पण फायकोच्या नव्या आवृत्त्या गृहकर्जासाठी ४५ दिवसांत झालेल्या सर्व चौकश्या एकच धरतात, वाहनकर्जासाठीही तसेच. जुन्या आवृत्त्यांत ही मुदत १४ दिवसांची आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही.

राहिला टक्क्याचा प्रश्न. ३० लाखांचे गृहकर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ येतो. साडेनऊ टक्क्यांनी २७,९६४. महिन्याला १,९२९ चा फरक किरकोळ वाटतो, पण २४० हप्त्यांत तो सुमारे ४ लाख ६३ हजार होतो. आठ लाखांच्या वाहनकर्जात, पाच वर्षांच्या मुदतीवर, ९ ऐवजी ११ टक्के दर लागला तर जादा भरणा सुमारे ४७,००० होतो. दर एकाऐवजी दोन टक्क्यांनी वाढूनही रक्कम इतकी कमी, कारण मुद्दल लहान आहे आणि मुदत छोटी आहे.

मात्र दर केवळ स्कोअरवर ठरत नाही. उत्पन्न, मालमत्तेच्या किमतीच्या तुलनेत मागितलेली रक्कम आणि कर्जदात्याचे धोरण हेही पाहिले जाते. शिवाय दर बहुधा स्कोअरच्या टप्प्यांनुसार बदलतात. सर्वांत वरच्या टप्प्यात असलेल्याने आणखी दहा गुण मिळवले तरी हप्ता एका रुपयानेही कमी होणार नाही. टप्प्याच्या सीमेखाली पाच गुणांवर असलेल्याने मात्र स्टेटमेंटची तारीख पाहून अर्ज महिनाभर पुढे ढकलणे फायद्याचे ठरू शकते.